करार संपल्यावर एजन्सीला कमिशन कशावर?

प्रश्न: कलाकार म्हणून एजन्सीसोबत केलेला एक्सक्लुझिव्ह करार नोटीस देऊन 31 मार्चला संपवला. आता पुढच्या सगळ्या कामांवर 20 टक्के मागतायत. द्यावे लागतील का?

उत्तर: सगळ्या कामांवर नाही, 31 मार्चपर्यंत सही झालेल्या कामांवर मात्र बहुधा द्यावे लागतील, पैसे नंतर आले तरी. बघायची ती कामाच्या कराराची तारीख, शूटिंगची किंवा चेकची नाही. समजा, फेब्रुवारीत 6 लाखांच्या जाहिरातीवर सही केली आणि त्यातले 2 लाख मेमध्ये मिळाले, तर त्या 2 लाखांवर 40 हजार देणं लागतं. जूनमध्ये स्वतः मिळवलेल्या मालिकेवर काही नाही.

एजन्सी ‘तुम्ही आमचेच’ असं म्हणत असेल, तर पर्सेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान हा 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. मुदत संपल्यावरही नवा प्रस्ताव आधी जुन्या एजन्सीपुढे ठेवण्याची अट तिथे करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकली नाही. तो वाद कमिशनचा नव्हता, त्यामुळे जुन्या कामांचं देणं त्याने माफ होत नाही.

खरी गोम नूतनीकरणात असते. तीच जाहिरात पुढच्या वर्षी वाढली, किंवा एजन्सीने सुरू केलेली बोलणी मेमध्ये पक्की झाली, तर कमिशन लागू, असं कलम करारात असू शकतं. ते आधी वाचा. मग चालू कामांची यादी, रक्कम आणि शेवटची तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या.