मोठ्या ग्राहकासाठी वर्षाचा अकाउंट प्लॅन कसा बनवावा?

प्रश्न: आमचा एक ग्राहक वर्षाला ३० लाखांचा माल घेतो. पुढच्या वर्षी त्याच्याकडची विक्री वाढवायची आहे. साहेबांनी अकाउंट प्लॅन मागितलाय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मी भोसरी-चाकण पट्ट्यात मशीन शॉपना कटिंग टूल्स विकतो, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो.

आधी तुमची विक्री बाजूला ठेवा आणि ग्राहक या प्रकारच्या मालावर एकूण किती खर्च करतो ते काढा. हा आकडा पर्चेसवाले सहसा देत नाहीत. शॉप फ्लोअरवर प्रत्येक मशीनपाशी कोणाचं टूल लागलंय आणि ते किती नगांनंतर बदलतात हे टूल क्रिबच्या, म्हणजे टूल्सच्या स्टोअरच्या, माणसाशी बसून लिहून घेतलं, की अंदाज जवळपास बरोबर येतो. समजा एकूण खर्च १ कोटी २० लाख निघाला. तुमचे ३० लाख म्हणजे चौथा हिस्सा. तो सगळा टर्निंगचा, आणि ड्रिलिंगचे ३५ लाख दुसऱ्याच कंपनीकडे जातात, असं दिसलं तर वाढ ड्रिलिंगमध्ये शोधा. टर्निंगमध्ये तुम्ही टूल लाइफ वाढवून दिलीत तर ग्राहक खूश होईल, पण तुमचीच विक्री घटेल. बरेच प्लॅन इथेच फसतात.

मग ड्रिलिंगचं एकच ऑपरेशन निवडा. सध्याचं ड्रिल ४,००० रुपयांचं आहे आणि ८०० होल करतं, म्हणजे होलमागे ५ रुपये. तुमचं ५,४०० चं असेल, पण १,२०० होल करत असेल, तर साडेचार रुपयेच पडतात. शिवाय टूल बदलायला मशीन कमी वेळा थांबतं. (रीग्राइंडिंग, म्हणजे ड्रिलला पुन्हा धार लावणं, होत असेल तर तो खर्च आणि वाढलेले होल दोन्हीकडे धरा, नाहीतर हिशोब खोटा ठरतो.) ट्रायल त्यांच्याच ऑपरेटरकडून, त्यांच्याच फीड-स्पीडपासून सुरू करून घ्या आणि रिपोर्टवर प्रॉडक्शनवाल्यांची सही घ्या. सहीचा रिपोर्ट हातात नसेल तर पर्चेसवाले फक्त नगाचा भाव बघतात आणि तिथे तुम्ही १,४०० रुपयांनी महाग दिसता.

आता टार्गेट लिहा, पण प्रत्येक लाखापुढे तो कुठून येणार ते असू द्या: १० लाख या ड्रिलिंगमधून, ५ लाख नव्याने सुरू होणाऱ्या पार्टमधून. नव्या पार्टसाठी प्रोसेस इंजिनिअरला टूलिंग ठरायच्या आधी भेटा. एकदा पार्ट मंजूर झाला की टूल बदलायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. ग्राहक इंजिनचे पार्ट बनवत असेल तर पुढच्या वर्षाचं शेड्यूलही विचारा. व्हॉल्यूम घटणार असेल तर तेवढी रक्कम आत्ताच वजा करा.

दर महिन्याच्या बैठकीत विक्रीच्या आकड्याआधी किती ट्रायल लागल्या, किती सह्या झाल्या आणि किती टूल्स रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये चढली ते बघा. सही होऊन दोन महिने झाले आणि पीओ आली नाही, तर पर्चेसमध्ये कोणीतरी अडवलंय असं समजा आणि साहेबांना घेऊन त्यांच्या प्लांट हेडकडे जा.