कोल्हापुरी चपलांमागचे कारागीर ग्राहकांना कसे दाखवावेत?

प्रश्न: आम्ही हाताने बनवलेल्या कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. कामाचे व्हिडिओ टाकतो, पण लोकांना आपुलकी वाटत नाही. काय चुकते?

उत्तर: बहुतेक वेळा चूक अशी होते की कातडे कापण्यापासून पॉलिशपर्यंतचे सगळे काम अर्ध्या मिनिटात पळवले जाते आणि वर संगीत चढवले जाते, त्यामुळे माणूस दिसतच नाही. त्याऐवजी एकच टप्पा निवडा, उदाहरणार्थ पट्ट्यावरची वेणी. कातड्याच्या बारीक वाद्या बोटांनी ओढून घट्ट करतानाचे चित्रण जवळून, न कापता घ्या. हत्याराचा आणि खोलीतला मूळ आवाज तसाच ठेवा. त्यावर तुमचे वर्णन नको, विणणाऱ्या बाईंचेच एखादे वाक्य हवे. ‘छान वाटते का?’ असे विचारल्यास ठोकळेबाज उत्तर मिळते. ‘वेणी कुठे बिघडते?’ असे विचारल्यावर त्या बाई वाद्या सैल सुटल्या की काय होते ते दाखवतात, आणि तेच पाहणाऱ्याच्या लक्षात राहते.

नाव आणि चेहरा त्यांना विचारूनच दाखवावा. गरिबीचे करुण चित्रण मात्र मला अजिबात पटत नाही. त्यातून दया येते, कारागिरीबद्दल आदर नाही. शिवाय तळ यंत्रावर कापला असेल तर तसे स्पष्ट लिहा.

परिणाम लाइकवरून मोजू नका. ‘किंमत किती?’ याऐवजी ‘ही वेणी कोणी विणली?’ असे विचारणारे संदेश येऊ लागले, की गोष्ट पोहोचू लागली असे समजावे.