दोन दिवस अमावस्या असेल तर सण नेमका कोणत्या दिवशी धरायचा?

प्रश्न: आमच्याकडे पोळ्याला आणि दिवाळीला दरवेळी वाद होतो. कॅलेंडरवर अमावस्या दोन्ही तारखांना दिसते. कुणी म्हणतं सूर्योदयाची तिथी धरा, कुणी म्हणतं जास्त वेळ असेल तो दिवस धरा. पंचांगात बघून आपली आपल्याला तारीख काढता येते का?

उत्तर:

येते. पण सूर्योदयाची तिथी हा सगळ्या सणांचा नियम नाही, आणि ‘जास्त वेळ असेल तो दिवस’ हाही नाही. सणाची मुख्य पूजा ज्या वेळेला असते, त्या वेळेला तिथी कोणत्या दिवशी आहे ते बघायचं. त्या वेळेला कर्मकाळ म्हणतात. पोळा, लक्ष्मीपूजन यांची पूजा संध्याकाळची, म्हणजे प्रदोषकाळाची. सूर्यास्तापासून पुढे साधारण सव्वादोन-अडीच तास प्रदोषकाळ धरतात.

आधी पंचांगाची ओळ नीट वाचायला हवी, कारण निम्मे वाद तिथेच सुरू होतात. तारखेसमोर छापलेली तिथी ही त्या दिवशी सूर्योदयाला असलेली तिथी असते, आणि तिच्यापुढची वेळ ही तिथी संपण्याची असते. ती कधी लागली हे हवं असेल तर आधीच्या तिथीची समाप्ती बघायची. दुसरं असं, की पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. त्यामुळे मध्यरात्रीनंतरची वेळ आदल्या तारखेच्याच ओळीत येते. काही पंचांगांत ती २४ च्या पुढे मोजतात. २९ वाजून २१ मिनिटे असं दिसलं तर ती दुसऱ्या दिवशीची पहाटेची ५:२१ समजायची. जुन्या पंचांगात घटी-पळं असतील तर ती सूर्योदयापासून मोजलेली असतात, आणि एक घटी म्हणजे २४ मिनिटं.

आता २०२४ चा पोळा घ्या. १ सप्टेंबरच्या ओळीत चतुर्दशी होती, ती संपली पहाटे ५:२१ ला, म्हणजे आपल्या हिशोबाने २ तारखेच्या पहाटे. तिथून अमावस्या लागली. छत्रपती संभाजीनगरला तेव्हा सूर्योदय साधारण सव्वासहाला होतो, म्हणजे २ तारखेला सूर्य उगवला तेव्हा अमावस्या लागलेली होती. ती संपली ३ तारखेला सकाळी ७:२५ च्या सुमारास, म्हणजे ३ तारखेच्या सूर्योदयालाही अमावस्याच. एकच तिथी दोन सूर्योदयांना आली की तिला वृद्धी तिथी म्हणतात. पंचांगात पहिल्या दिवसापुढे ‘अहोरात्र’ छापलेलं असतं आणि समाप्तीची वेळ दुसऱ्या दिवशीच्या ओळीत मिळते. तिथी साधारण १९ तासांपासून २६ तासांहून थोडी जास्त इतकी लहानमोठी होते. ही अमावस्या २६ तासांची होती, म्हणून असं झालं.

‘सूर्योदयाची तिथी’ म्हणणाऱ्यांपाशी आता दोन तारखा झाल्या आणि निवडायला काहीच आधार उरला नाही. संध्याकाळ बघा, लगेच उलगडा होतो. सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. २ तारखेच्या संध्याकाळी अमावस्या भरलेली आहे. ३ तारखेच्या संध्याकाळी तिचा पत्ताच नाही, ती सकाळीच संपून प्रतिपदा लागली. म्हणून पोळा २ सप्टेंबरला, सोमवारी. ही तारीख चुकली की नुसता पोळाच चुकत नाही. आदल्या संध्याकाळची खांदेमळणीही चुकते, आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं बैलांना भलत्याच दिवशी सांगितलं जातं. गावात दोन आळ्यांचे दोन पोळे होणं मला तरी बघवत नाही. वेशीतून सगळ्यांची जनावरं एकाच वेळी निघण्यात जे आहे ते अर्ध्या गावात येत नाही.

त्याच वर्षीचं लक्ष्मीपूजन बघा. तिथीही तीच, अमावस्या, आणि कर्मकाळही तोच, प्रदोष. पण उत्तर उलटं आलं. अमावस्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१७ च्या सुमारास संपली. ३१ च्या संध्याकाळी ती पूर्ण प्रदोषात आहे. १ तारखेला संभाजीनगरचा सूर्यास्त ५:५४ च्या आसपास, म्हणजे तिथे सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटं अमावस्या मिळते. नांदेड पूर्वेला असल्याने तिथे सूर्य सहा-सात मिनिटं आधी मावळतो, त्यामुळे तिथे जवळपास अर्धा तास मिळतो. दोन्ही दिवशी प्रदोषात तिथी असेल तर लक्ष्मीपूजनाला दुसरा दिवस घ्यावा, असं धर्मशास्त्राचं वचन आहे. किती मिनिटं जास्त, याची तुलना तिथे करत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. काशीच्या विद्वानांनी मात्र ३१ ऑक्टोबर सांगितला, आणि मोबाईलवर दोन्ही तारखा फिरल्यामुळे त्या वर्षी गोंधळ जास्त झाला.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी तपासा. एक, ॲपमध्ये गाव कोणतं निवडलंय ते. तिथी संपण्याची वेळ देशभर एकच असते, पण सूर्योदय-सूर्यास्त गावागणिक बदलतो, आणि तिथीचा शेवट सूर्यास्ताच्या जवळ आला की एवढ्या फरकानेही निकाल बदलू शकतो. दुसरं, महिना. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. आपली श्रावण अमावस्या त्यांच्याकडे भाद्रपदाची होते. उत्तरेच्या ॲपमध्ये ‘श्रावण अमावस्या’ शोधाल तर आपली आषाढ अमावस्या हाती येईल, म्हणजे पोळा महिनाभर आधी.

इतर सणांनाही हीच रीत, फक्त वेळ बदलते. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्यान्ह बघायचा, महाशिवरात्रीला मध्यरात्रीचा निशीथकाळ, संकष्टीला चंद्रोदय. गुढीपाडव्याला मात्र खरोखरच सूर्योदय बघतात.

ही रीत कुठे अपुरी पडते तेही सांगतो. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला अमावस्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागून २१ ला संध्याकाळी ५:५५ च्या सुमारास संपली. संभाजीनगरला सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणजे २१ ला प्रदोषात अमावस्या मिळतच नाही. नुसता कर्मकाळ बघणारा २० म्हणेल. तरी आपल्या पंचांगांनी २१ दिला. अमावस्या दिवसाचे तीन प्रहर ओलांडून जात असेल आणि पुढची प्रतिपदा वाढती असेल, तर दुसरा दिवस घ्यावा असं वचन अशा वेळी पुढे येतं. त्या वेळी प्रतिपदा अमावस्येपेक्षा थोडी मोठी होतीच. तेव्हा तिथी तुमच्या सणाच्या वेळेला दोहोंपैकी एकाच दिवशी स्पष्ट मिळत असेल, तर तारीख बिनधास्त स्वतः काढा. दोन्ही दिवशी मिळत असेल किंवा काठावर येऊन संपत असेल, तर त्याच पंचांगात पुढे दिलेला सणांचा निर्णय वाचा आणि गावाने वर्षभर एकच पंचांग धरा.