नऊचा ताळा जुळतो, तरी बेरीज चुकते ती का?

"नऊ टाकून ताळा बघितला तर जुळतोय, पण बेरीज चुकलेलीच निघाली. असं कसं काय होतं? आणि गुणाकाराला तरी ही पद्धत चालते का?"

होतं असं, आणि तुमचा ताळा चुकला असेल असं मला वाटत नाही. नऊच्या ताळ्याला आकड्यात कुठले अंक आहेत एवढंच कळतं, ते कुठल्या जागेवर बसलेत ते कळत नाही. कारण साधं आहे, १० ला ९ ने भागलं तर बाकी १, १०० ला भागलं तरी १, हजारालाही १, म्हणजे ७ एकंच्या घरात असो की शतकाच्या, नऊच्या लेखी तो ७ च. म्हणून तर आपण नुसते अंक मिळवत जातो. पद्धत सोपी होते ती ह्याच्यामुळं आणि फसते तीही ह्याच्यामुळंच.

मी बेळगावात एका अडत दुकानात काही वर्षं हिशेब लिहायला होतो, बटाट्याच्या सीझनला दिवसभर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, करायच्या. तिथलीच एक बेरीज सांगतो. एका शेतकऱ्याच्या मालाच्या वजनाच्या पाच चिठ्ठ्या होत्या, ४८७, ६५२, ५३९, ७६८ आणि ३९४ किलो. आता ह्यांचे अंक मिळवून नऊ टाकत चला. ४+८+७ म्हणजे १९, १+९ म्हणजे १०, म्हणजे १. तसंच ६५२ चे ४, ५३९ चे ८, ७६८ चे ३, ३९४ चे ७. सगळे मिळून २३, म्हणजे ५. खरी बेरीज २८४०, तिचे अंक १४, म्हणजे ५. जुळलं. समजा एखादा हातचा विसरून २८३० लिहिलं असतं तर अंक १३, म्हणजे ४, लगेच सापडलं असतं. हातचा विसरणं, एखादा अंक एकाने कमीजास्त होणं, असल्या चुका हा ताळा चटकन पकडतो, त्यासाठी मी आजही वापरतो.

पण त्या दिवशी झालं वेगळंच. मापाडी चिठ्ठ्या कन्नडमध्ये वाचत होता आणि मी वहीत लिहीत होतो. आपल्याकडे सत्त्याऐंशी म्हणताना आधी सात येतो मग ऐंशी, कन्नडमध्ये 'एंबत्तेळु' म्हणजे आधी ऐंशी मग सात. दोन्ही भाषा रोज कानावर असल्या तरी घाईत हात आपल्या मराठी सवयीनं चालतो, आधी ऐकलेला अंक एकंच्या घरात जातो, तसं ४८७ चं मी ४७८ लिहिलं. बेरीज आली २८३१. मी ताळा वहीवरून नाही, मूळ चिठ्ठ्या हातात घेऊन केला, तरी ५ आणि ५ जुळलं, कारण २+८+३+१ पण १४ च. मी पट्टी पुढं सरकवली. त्या शेतकऱ्याचे भाऊ म्हणाले, "अण्णा, आमची बेरीज २८४० येतीय, परत एकदा बघा की." १८ रुपये किलोचा भाव होता, ९ किलो कमी म्हणजे १६२ रुपये त्यांचे गेले असते. मी वहीवरूनच ताळा केला असता तर तो तर जुळणारच होता, कारण चुकीच्या आकड्याचा ताळा चुकीच्याच बेरजेशी जुळतो, तिथं कुठलीच पद्धत कामाची नाही. पण चिठ्ठ्यांवरून करूनही सुटली ही गोष्ट मला जास्त लागली.

तेव्हापासून मी एक गोष्ट लक्षात ठेवतो. दोन बेरजांमधला फरक ९ ने पूर्ण भागला जात असेल तर सगळी बेरीज पुन्हा करत बसायचं नाही, आधी अंकांची अदलाबदल शोधायची. फरक ९ असेल तर ९ ने भागून १ येतो, म्हणजे एकं आणि दहं ह्या घरांतले, एकमेकांपासून १ ने वेगळे असलेले अंक उलटे पडलेत. इथं ८ आणि ७. फरक ३६० असता तर ९ ने भागून ४० येतात, म्हणजे दहं आणि शतक ह्या घरांत ४ चा फरक असलेले दोन अंक, २८४० च्या जागी २४८० लिहिल्यासारखं. अदलाबदलच असेल असं नाही, ० च्या जागी ९ लिहिला तरी फरक ९ च्या पटीतच येतो, पण शोधायला जागा कमी होते.

गुणाकाराचं विचारलंय तुम्ही, तिथं चालते, पण तिथं दोन भोकं जास्त आहेत. एक म्हणजे दुसऱ्या ओळीला एक घर सोडायचं राहून गेलं तर. ४८७ × २३ करा, ३ ने गुणून १४६१, २ ने गुणून ९७४, हे ९७४ एक घर डावीकडं सरकवून मिळवलं तर ११२०१ येतं. न सरकवता मिळवलं तर २४३५. ताळा बघा, ४८७ चे १, २३ चे ५, गुणून ५. ११२०१ चे ५, आणि २४३५ चे पण ५! एवढी मोठी चूक अगदी आरामात पास. म्हणून गुणाकारात आधी अंदाज, ५०० गुणिले २० म्हणजे १० हजाराच्या आसपास यायला पाहिजे, मग ताळा.

दुसरं भोक लोकांना फारसं माहीत नसतं. एक आकडा ९ च्या पटीतला असेल तर दुसऱ्या आकड्याची तपासणी होतच नाही. आमचाच भाव घ्या, १८. त्याचे अंक मिळून ९, म्हणजे बाकी शून्य, शून्याला कशानेही गुणा, शून्यच. २८४० × १८ = ५११२०, अंक ९. चुकून २८५० घेतलं तर ५१३००, अंक परत ९. वजन काहीही घ्या, ताळा जुळणारच. भाव १५ किंवा २४ असेल तर त्यांची बाकी ६, तिथं पूर्ण आंधळा नाही पण वजनातली ३ च्या पटीतली चूक सुटते.

मग करायचं काय? जोडीला ११ चा ताळा घ्या, त्याला जागा कळते. उजवीकडून पहिला अंक अधिक, दुसरा वजा, तिसरा अधिक असं जायचं, उत्तर वजा आलं तर ११ मिळवायचे आणि ११ किंवा जास्त आलं तर ११ टाकायचे. ४८७ चं ७−८+४ म्हणजे ३. ६५२ चं ३, ५३९ चं ११ म्हणजे ०, ७६८ चं ९, ३९४ चं वजा २ म्हणजे ९. एकूण २४, २२ टाकले, उरले २. २८४० चं ०−४+८−२ म्हणजे २, बरोबर. माझ्या २८३१ चं १−३+८−२ म्हणजे ४, चूक तिथंच उघडी पडली असती. शेजारशेजारचे दोन अंक उलटे झाले तर ११ ला ते कळतंच, कधीच सुटत नाही. वरच्या २४३५ चं पण ४ येतं आणि यायला पाहिजे ३, तेही पकडलं.

दोन्ही ताळे मिळून सुटते ती फक्त ९९ च्या पटीतली चूक. म्हणजे ७६८ चं ८६७ झालं, मधला अंक तसाच राहून दोन्ही टोकं बदलली, तर दोन्ही ताळे जुळतात. त्याच्यासाठी मी चिठ्ठ्या दुसऱ्याला वाचायला देतो, खालून वर, आणि एकेक अंक सुटा, "सात, सहा, आठ" असा, कन्नडमध्ये म्हणा नाहीतर मराठीत.