मध्यगा 2:1 मध्येच का विभागतात, आणि सूत्रात 3 कुठून आला?

प्रश्न: मुलगी दहावीत आहे. मध्यगासंपाताचं सूत्र तिला पाठ आहे, पण काल तिने विचारलं, "मध्यबिंदू काढताना 2 ने भागतो, मग इथे 3 ने का? आणि तो बिंदू मध्यगेच्या बरोब्बर अर्ध्यावर का नसतो?" मला काही सांगता आलं नाही. कोणी नीट समजावेल का?

उत्तर:

एक त्रिकोण समोर घेऊनच बोलू. A(-1, 8), B(-5, -2) आणि C(9, 3). आलेख कागदावर 1 सेमी = 1 एकक धरून काढून ठेवा, पुढे तो कापायचाही आहे.

आता त्रिकोण विसरा आणि या तीन बिंदूंवर एकेक किलोची तीन वजनं ठेवली आहेत एवढंच डोळ्यांसमोर आणा. ही तीन वजनं मिळून कुठे तोलली जातील? आधी फक्त B आणि C बघा. दोन्हीकडे सारखं वजन, म्हणजे ती BC च्या मध्यबिंदूवर तोलली जाणार. त्याला D म्हणू: D(2, 0.5). तोलापुरतं बोलायचं तर B आणि C वरची वजनं उचलून D वर एकत्र 2 किलो ठेवले तरी फरक पडत नाही.

आता उरलं काय? A वर 1 किलो आणि D वर 2 किलो. बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला मुलगा आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या दुप्पट वजनाचे बाबा बसले, तर टेकू बाबांच्या जवळ घ्यावा लागतो, मुलाच्या अंतराच्या अर्ध्यावर. म्हणून तोलबिंदू G हा A पासून दोन भाग आणि D पासून एक भाग अंतरावर येतो. 2:1 आला तो इथून. D वर दोन शिरोबिंदूंचं ओझं आहे आणि A वर एकाचंच.

आकड्यांत पाहू. A कडून D कडे जाताना x 3 ने वाढतो आणि y 7.5 ने कमी होतो. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे 2 आणि 5. म्हणून G = (-1 + 2, 8 - 5) = (1, 3).

सूत्रातला 3 सुद्धा हाच आहे. D चा x हा B आणि C च्या x ची सरासरी असल्यामुळे 2·x_D = x_B + x_C. विभाजन सूत्र 2:1 साठी लिहिलं की

```
x_G = (2·x_D + 1·x_A) / 3
    = (x_A + x_B + x_C) / 3
```

मध्यबिंदू काढताना दोन बिंदूंची सरासरी घेतो, इथे तिघांची. एवढंच.

या शेवटच्या ओळीत A, B, C ची अदलाबदल केली तरी काही बदलत नाही. सुरुवात B पासून केली असती, तरी B मधून जाणाऱ्या मध्यगेवर 2:1 ला हाच बिंदू मिळाला असता. C पासूनही तसंच. तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात याची ही पुरेशी सिद्धता आहे. आपल्या त्रिकोणात AB चा मध्यबिंदू (-3, 3) येतो, म्हणून C ची मध्यगा आडवी आहे, 12 सेमी लांब. C पासून 8 सेमी मोजा, पुन्हा (1, 3).

अर्ध्यावर का नाही, हा तुमच्या मुलीचा प्रश्न मला जास्त आवडला. AD चा मध्यबिंदू काढून बघा: (0.5, 4.25). आता B मधून जाणारी मध्यगा घ्या. CA चा मध्यबिंदू E(4, 5.5), तर BE चा मध्यबिंदू येतो (-0.5, 1.75). दोन वेगळे बिंदू! कारण AD अर्ध्यावर तोडली की A ला निम्मा वाटा मिळतो, B आणि C ला मात्र पाव-पाव. BE अर्ध्यावर तोडली की B चा वरचष्मा. तिघांना सारखा वाटा फक्त दोन तृतीयांशावर मिळतो.

परीक्षेत वजनं चालणार नाहीत, तिथे असं लिहायचं. मध्यगा AD आणि BE एकमेकींना G मध्ये छेदतात असं धरा. दोन बाजूंच्या मध्यबिंदूंच्या प्रमेयानुसार रेख DE हा AB ला समांतर आणि AB च्या निम्मा. व्युत्क्रम कोन एकरूप, म्हणून को-को कसोटीने त्रिकोण GAB आणि GDE समरूप, आणि बाजूंचं प्रमाण 2:1. म्हणून AG : GD = 2 : 1. तिसरी मध्यगा AD ला कुठे छेदते हे त्याच युक्तिवादाने काढलं तर तिथेही 2:1 मिळतं, आणि AD वर A पासून 2:1 मध्ये विभागणारा बिंदू एकच असतो. ही शेवटची ओळ मुलं हमखास गाळतात, आणि मग तिन्ही मध्यगा एकसंपाती आहेत हे सिद्धच होत नाही.

चूक बहुतेक वेळा विभाजन सूत्रात होते, 2 हा D ऐवजी A ला लावला जातो. मग उत्तर येतं (0, 5.5), म्हणजे शिरोबिंदूच्या जवळचा बिंदू. ताळा सोपा आहे. प्रत्येक शिरोबिंदूतून G वजा करा: (-2, 5), (-6, -5), (8, 0). x ची बेरीज शून्य, y ची बेरीज शून्य. तशी येत नसेल तर कुठेतरी चूक झाली आहे. याच कल्पनेने उलटं गणितही सुटतं: A, B आणि G दिले असतील, तर C चा x = 3(1) - (-1) - (-5) = 9.

आता कात्री घ्या. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून तो त्रिकोण कापा आणि (1, 3) खाली पेन्सिलचं टोक धरा, तोल राहील. खरं तर याला वेगळं कारण द्यावं लागतं, कारण पुठ्ठ्याचं वजन कोपऱ्यांवर नसून सगळीकडे पसरलेलं असतं. त्रिकोणाच्या BC ला समांतर अगदी बारीक पट्ट्या पाडल्या असं समजा. प्रत्येक पट्टीचा मध्य AD वरच येतो, म्हणून अख्खा त्रिकोण AD वर तोलतो. बाकीच्या दोन मध्यगांवरही तसाच. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केलं होतं की त्रिकोणाचा गुरुत्वमध्य मध्यगांच्या छेदनबिंदूवर असतो.

पण हे त्रिकोणाचं नशीब, सगळ्यांचं नाही. चौकोनाचे चार शिरोबिंदू घेऊन सरासरी काढली तर पुठ्ठा तिथे तोलेलच असं नाही. आपल्याच त्रिकोणात D हा चौथा 'कोपरा' समजून चौघांची सरासरी काढा. (1.25, 2.375) येते, आणि पुठ्ठा तर तसूभरही बदललेला नाही. त्रिकोण तारेचा वाकवून केला तरी तोल G वर राहत नाही, कारण लांब बाजूत तार जास्त. अपवाद फक्त समभुज त्रिकोणाचा.