मामाला व्हिडिओतून काढायचं कसं?

"मॅडम, मी लग्नाचे व्हिडिओ करतो. नवरीच्या आईंचा फोन आला, फायनल एडिटमध्ये माझा भाऊ कुठेही दिसता कामा नये, आणि हे मुलीला सांगू नकोस. मी हो म्हणालो. मग नवरीचा फोन आला, मामा मला बोहल्यावर आणतो तो सीन पूर्ण ठेव. तिलाही हो म्हणालो. पेनड्राइव्ह द्यायची तारीख उलटून गेलीय, निम्मे पैसे अडकलेत. कुणाचं ऐकू?"

हा तरुण लॅपटॉप घेऊनच आला होता. त्या घराची परवानगी नसताना त्यांचं लग्न मी बघणं बरोबर नव्हतं, म्हणून त्याला तोंडीच सांगायला लावलं. (ओळख पटेल असे तपशील इथेही बदलले आहेत.)

त्याने आधी आपल्या कामाची अडचण सांगितली. मंगलाष्टकांचा आवाज सलग असतो, त्यामुळे त्यावर अक्षता टाकणारे पाहुणे, करवल्या, भटजी असं काहीही चढवता येतं आणि पाच-सहा मिनिटं निभावून नेता येतात. पण गौरीहरापासून बोहल्यापर्यंत मामाने नवरीला हाताला धरून आणलेलं. फ्रेम कापली तर चेहरा जातो, पण तिच्या कोपराला धरलेला एक हात तेवढा उरतो. "तो हात बघून तर सगळ्यांना जास्तच कळेल," तो म्हणाला. अंतरपाटामागेही मामा नवरीच्या पाठीशी उभा. त्याने रात्री जागून काढून बघितलं, परत घातलं, परत काढलं.

मला मात्र त्या कटाकुटीपेक्षा त्याचे दोन होकार महत्त्वाचे वाटले. आईला मुलीशी जे बोलायचं होतं ते तिने याला सांगितलं, आणि मुलीला आईबद्दल जी शंका आली होती तीही याच्याच फोनवर आली. दोघांमधला ताण सोसवेनासा झाला की तिसऱ्या माणसाला मध्ये ओढलं जातं. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी याला त्रिकोण म्हटलं आहे, आणि कुटुंबांबरोबर काम करताना तो मला सारखा दिसतो. एरवी मध्ये सापडते ती सून किंवा धाकटा मुलगा. इथे व्हिडिओवाला सापडला. असा मध्ये सापडलेला माणूस दोघांनाही खूश ठेवायला बघतो आणि दोघांचं बोलणं कायमचं थांबवून बसतो, कारण तो आहे तोवर त्यांना एकमेकींशी बोलायची गरजच पडत नाही.

म्हणून कुणाचं ऐकायचं हे मी सांगितलं नाही. दोन कामं सांगितली. एक म्हणजे काकूंना, म्हणजे नवरीच्या आईंना, घरी जाऊन भेटायचं, आणि "का काढायचंय" असं विचारायचं नाही. का विचारलं की माणूस भांडणाची सगळी कहाणी सांगतो आणि ऐकणारा आपोआप कुठल्यातरी बाजूला जातो. विचारायचं ते एवढंच, "काकू, पहिली कॉपी बघताना नेमकं कुठे बघवेना?" दुसरं म्हणजे मुलीपासून लपवायचा शब्द त्यांना परत द्यायचा: "ताईंना मी काही सांगणार नाही, पण खोटंही बोलणार नाही. त्यांना तो सीन हवाय. तुम्हीच बोला, मग दोघींनी मिळून बदल कळवा." हे वाक्य त्याच्याकडून मी मोठ्याने म्हणून घेतलं. पहिल्यांदा म्हणताना तो शेवटी "तुम्ही म्हणाल तसं" असं जोडून गेला. ते तीन शब्द गाळायलाच बराच वेळ लागला.

काकू आधी म्हणाल्या, सगळीकडेच बघवत नाही. तो गप्प बसला, हेही आमचं ठरलेलं होतं. मग त्यांनी मोबाइलवर कॉपी लावून पुढे सरकवली ती थेट पंगतीवर. बहीण वाढत्येय, भाऊ वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलतोय, तिने पदराने डोळे टिपले. एडिट करताना या तरुणाला तो भावाबहिणीचा हळवा क्षण वाटला होता. त्याने तो स्लो मोशनमध्ये घेतला, वर माहेराचं गाणं टाकलं आणि हायलाइटमध्येही बसवला. प्रत्यक्षात भाऊ विचारत होता, हक्कसोडपत्रावर सही कधी करतेस.

वडिलांची जमीन, एक भाऊ, एक बहीण. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तरी बहिणीने सही करून मोकळं व्हावं ही अपेक्षा घराघरात आहेच. या काकूंनी सही केली नव्हती. मुलीच्या हौसेखातर भावाला मानाने बोलावलं, आणि त्याने भरल्या पंगतीत तोच विषय काढला. लग्नानंतर बोलणं बंद झालं. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. नातेवाईक मात्र हायलाइट बघून फोन करत होते, काय गं तुमचं प्रेम, डोळ्यांत पाणी आलं. तो फोन दर वेळी घ्यायचा आणि हो म्हणायचं! मला वाटतं, सगळा मामाच पुसून टाका ही मागणी तिथून आली. एक जागा दुखत होती आणि ती कुणाला दाखवता येत नव्हती, म्हणून त्यांनी पूर्ण माणूसच काढायला सांगितला.

हे एकदा बाहेर आल्यावर एडिटचं काम सोपं होतं. पंगतीचा शॉट दोन्हीकडून गेला. हायलाइटमधून मामा पूर्ण गेला. लांब फिल्ममध्ये गौरीहर ते बोहला आणि अंतरपाट राहिला, कारण काकूंनी मुलीला स्वतः सांगितलं आणि मुलगी म्हणाली, तेवढं माझं आहे. ती आधी बरीच रागावली होती, आपल्याला आधी का सांगितलं नाही म्हणून. तो राग व्हिडिओवाल्यावर निघाला नाही, आईवर निघाला, आणि तो तिथेच निघायला हवा होता. मूळ फुटेजमधलं काहीही पुसू नको असं मी त्याला बजावलं होतं. एडिट पुन्हा करता येतं, उडवलेलं फुटेज परत येत नाही, आणि रागाच्या भरात सांगितलेली गोष्ट सहा महिन्यांनी तशीच वाटेल असं नाही.

मध्ये एकदा त्याने विचारलं, फिल्म अशी केली तर दोघं भाऊबहीण परत बोलतील का? मी नाही म्हणाले, आणि जरा ठामपणेच. जमिनीचा प्रश्न वकिलाकडे आणि त्या दोघांमध्ये सुटेल. तो आजही सुटलेला नाही.

एका बाबतीत मात्र माझं उत्तर वेगळं असेल. ज्याला काढायचंय त्याने नवरीला किंवा घरातल्या कुणाला मारहाण केली असेल, लैंगिक त्रास दिला असेल, तर कुठे बघवेना हे विचारत बसू नये. ज्याला त्रास झाला त्याने सांगितलं की काढावं, कारण मागू नये. सीन तुटका दिसला तरी चालेल, तो हात उरत असेल तर सीनच सोडून द्यावा. असं सांगताना माणूस बहुतेक वेळा तपशील देत नाही, पण नाव घेताना आवाज बदलतो, "बाकी काहीही ठेवा" असं म्हणतो. तेवढं पुरे.

या तरुणाने आता बुकिंगच्या कागदावर एक रकाना वाढवलाय: बदल कोण कळवणार, त्या एकाच व्यक्तीचं नाव आणि नंबर. तो रकाना नवरा-नवरीपैकी एकाने भरायचा, आणि बाकी कुणाचा फोन आला तर त्यांच्याकडे पाठवायचं. बहुतेक घरं तो काही न विचारता भरतात. जिथे "आधी घरी विचारून सांगतो" असं उत्तर येतं, तिथे तो पहिली कॉपी ग्रुपवर टाकत नाही, घरी नेऊन दाखवतो.