बॅलन्स शून्य आला तरी डॉक्टरांना कधी कळवायचं?

«पीडियाट्रिक वॉर्डला नवीन आहे. इनटेक-आउटपुट दर तासाला लिहिते, टोटल पण मारते, पण नेमकं कुठल्या आकड्याला डॉक्टरांना फोन करायचा ते कळत नाही.»

लघवीचा कॉलम वेगळा ठेव आणि त्याची टोटल पण वेगळीच मार, एकूण आउटपुटच्या भरवशावर राहू नकोस.

समज ८ किलोचं बाळ आहे, जुलाब-उलट्यांनी अ‍ॅडमिट. सलाईन तासाला ३२ मिली. १० ते २ या चार तासांत सलाईन १२८ गेलं आणि ओआरएस ४० प्यायलं, म्हणजे इनटेक १६८. आउटपुटमध्ये जुलाब १३०, उलटी ३० आणि लघवी ८, तेही १६८ च. बॅलन्स शून्य, चार्ट बघून वाटतं सगळं ठीक आहे. पण लघवीचे ८ मिली भागिले ८ किलो भागिले ४ तास केलं की येतं ०.२५ मिली पर किलो पर तास, आणि एवढ्या लहान बाळाला निदान १ तरी हवी. म्हणजे आतून बाळ कोरडं पडतंय आणि जुलाबाच्या आकड्याने ते झाकलं गेलंय. शिवाय ताप असेल, श्वास जोरात चालू असेल तर त्यातून जाणारं पाणी चार्टवर येतच नाही. इथे थेट फोन करायचा.

एका तासात लघवी नाही झाली म्हणून घाबरू नकोस, लहान मुलं दर तासाला करत नाहीत, म्हणून चार तासांची सरासरी बघायची. बाळांना १ च्या खाली, मोठ्या मुलांना ०.५ च्या खाली गेली की कळवायचं, आणि डॉक्टरांनी ऑर्डरमध्ये वेगळी लिमिट लिहिली असेल तर तीच धरायची. पण मूल मलूल, हातपाय गार, नाडी खूप वेगात, नखावर दाबून सोडल्यावर रंग परतायला ३ सेकंदांपेक्षा जास्त, असं काही दिसलं तर चार तास पूर्ण व्हायची वाट बघायचीच नाही, लगेच. फोनआधी पोट हाताने बघ, मूत्राशय फुगलंय का, कॅथेटर असेल तर नळी दुमडली नाहीये ना.

उलटं पण होतं, बॅलन्स दर तासाला प्लसमध्ये वाढतोय, डोळे सुजल्यासारखे आणि श्वासाची गती वाढली, तरी तेवढ्याच घाईने कळवायचं.

डायपर आधी कोरडा वजन करून त्यावर पेनाने लिहून ठेव, ओला झाल्यावर वजा कर, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. शी-लघवी एकत्र असेल तर अंदाजाने लघवीच्या कॉलममध्ये टाकू नको, 'मिक्स' असंच लिही. मी सुरुवातीला अर्धं-अर्धं वाटून लिहायचे, राउंडला सिनियर सिस्टरने पकडलं, तेव्हापासून बंद. आणि पंपावर सेट केलेला रेट नाही, प्रत्यक्ष किती गेलं तो आकडा लिही, इंजेक्शनचं डायल्यूशन आणि फ्लश पण धर, ८ किलोच्या बाळात दिवसभराचे फ्लश बरेच होतात.

फोनवर "लघवी कमी आहे" एवढंच सांगू नकोस. वजन, किती तासांत किती मिली, जुलाब किती, आणि आत्ता मूल कसं दिसतंय, हे एका दमात सांग.